नकाशा गेला, प्रश्न राहिले

पत्र

"कोकणातल्या एका गावात मी दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. भूगोलाच्या सरावासाठी जमवलेल्या प्रश्नसंचांत 'नकाशाचे निरीक्षण करून उत्तरे लिहा' असं छापलंय, पण कॉपीवरून कॉपी काढता काढता नकाशा गेला आणि नुसता पांढरा चौकोन उरला. भारताच्या संचात चार प्रश्न आहेत: पश्चिमेकडे वाहणारी नदी कोणती? 'ब' या पठाराचे नाव काय? सर्वाधिक पावसाचा प्रदेश कोणत्या गटात येतो? 'ब' पठारावर उगम पावणारी चंबळ कोणत्या नदीला मिळते? दुसरा संच ब्राझीलचा: उच्चभूमीवर उगम पावून आधी उत्तरेकडे व मग पूर्वेकडे वळणारी नदी कोणती? विषुववृत्ताजवळ समुद्राला मिळणारी नदी कोणती? कमी पावसाचा प्रदेश कोणत्या दिशेला आहे व का? मी पुस्तकातून उत्तरं काढून दिली. पहिल्याला 'नर्मदा' लिहिलं. एका मुलाने 'वाशिष्ठी' लिहिलं होतं, ते मी चुकीचं धरलं. त्याचे वडील विचारत आले, 'आमची वाशिष्ठी काय पूर्वेला वाहते?' मला उत्तर देता आलं नाही. नकाशा नसलेले प्रश्न सोडूनच द्यावेत का?"

उत्तर

ताई, आधी त्या मुलाच्या वहीतली फुली काढा. वाशिष्ठी सह्याद्रीतून निघते, चिपळूणवरून जाते आणि दाभोळला अरबी समुद्राला मिळते. ती पश्चिमवाहिनीच आहे. तुमची नर्मदाही बरोबर आहे. तापीही बरोबर, आणि सावित्री, शास्त्री, उल्हास, वैतरणा याही बरोबर. एका प्रश्नाला इतकी बरोबर उत्तरं निघतात, कारण त्या प्रश्नाचं अर्धं वाक्य नकाशात होतं. 'या नकाशात दाखवलेल्या नद्यांपैकी पश्चिमेकडे वाहणारी कोणती' असा तो प्रश्न होता. नकाशा गेला तेव्हा 'यांपैकी' हा शब्दही त्याच्याबरोबर गेला.

प्रश्नाला नकाशातलं एकच ठरलेलं उत्तर असणार आणि ते पुस्तकात सापडणार, हे तुम्ही धरून चाललात. पण नकाशा नुसती माहिती देत नाही, तो माहितीला कुंपण घालतो. किती प्रदेश दाखवायचा, किती लहान नदी काढायची आणि किती लहान सोडून द्यायची, हे नकाशा काढणाऱ्याने ठरवलेलं असतं. म्हणून नकाशा हरवलेला प्रश्न हाती आला की उत्तराच्या आधी एक गोष्ट विचारायची: हा नकाशा कुठला असेल आणि केवढा असेल?

तुमच्याच प्रश्नावर हे करून पाहू. नकाशा भारताचा असेल आणि पानभर छापलेला असेल, तर त्याचं प्रमाण साधारण एकास दीड कोटी धरा, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे १५० किलोमीटर. नर्मदा १,३१२ किलोमीटर लांब आहे, म्हणजे तिची रेघ पावणेनऊ सेंटिमीटर येईल. वाशिष्ठीची लांबी शंभर किलोमीटरही नाही, तिची रेघ सात मिलीमीटरच्या आतच संपते. इतकी बारीक रेघ भारताच्या नकाशात कुणी काढत नाही, काढली तरी किनाऱ्याच्या जाड रेषेत बुडते. म्हणून भारताचा नकाशा असेल तर वाशिष्ठी बाद. पण ती चुकीची म्हणून नव्हे, त्या नकाशात ती नाही म्हणून. हा फरक मुलाला आणि त्याच्या वडिलांना नीट सांगा, त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

तरी नर्मदा आणि तापी दोन्ही उरतातच, ७२४ किलोमीटरची तापी काही लपत नाही. साबरमती आणि महीदेखील खंबातच्या आखाताकडे जातात. म्हणजे भारताचा नकाशा एवढं कळूनही उत्तर एकावर येत नाही. नकाशा महाराष्ट्राचा असता तर पारडं तापीकडे झुकलं असतं, कारण नर्मदा महाराष्ट्राला फक्त नंदुरबारच्या उत्तर सीमेवर, सुमारे ५४ किलोमीटरभर स्पर्श करते. नकाशा कोकणाचा असता तर त्या मुलाचं उत्तर पहिल्या पसंतीचं ठरलं असतं. एकाच ओळीच्या प्रश्नाला तीन नकाशांत तीन वेगळी उत्तरं निघतात, आणि तिन्ही खरी.

यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे कुंपण शब्दांत परत घालणं. 'पश्चिमेकडे वाहणारी नदी कोणती' हे खोडा आणि लिहा: 'विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खचदरीतून पश्चिमेकडे वाहणारी नदी कोणती?' आता उत्तर फक्त नर्मदा. तापी हवी असेल तर 'सातपुड्याच्या दक्षिणेकडून पश्चिमेकडे वाहणारी मोठी नदी' असं लिहा. वाशिष्ठी हवी असेल तर 'चिपळूण ज्या नदीकाठी आहे ती'. नकाशात बोट ठेवून जे दाखवलं असतं, ते आता दोन शेजाऱ्यांची नावं घेऊन दाखवायचं.

आता 'ब' पठार. हा प्रश्न एकट्याने वाचला तर हताश करणारा आहे. माळवा, बुंदेलखंड, छोटा नागपूर, तेलंगण, कर्नाटक, मेघालय, यांतलं कुठलंही 'ब' असू शकतं. इथे स्मरणशक्तीचा उपयोग नाही, कारण 'ब' हे अक्षर कुणी कुठे ठेवलं ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. असा प्रश्न खुशाल सोडावा, पण आधी त्याच संचातले बाकीचे प्रश्न वाचून घ्यावेत. तुमचा चौथा प्रश्न म्हणतो, 'ब' पठारावर उगम पावणारी चंबळ कोणत्या नदीला मिळते. चंबळ मध्य प्रदेशात महूजवळ, विंध्याच्या बाजूला, माळव्याच्या दक्षिण कडेला उगम पावते. म्हणजे 'ब' हे माळव्याचं पठार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर यमुना, तेही नकाशाशिवाय मिळालं. नकाशा नाहीसा झाला तरी त्याचा एक तुकडा चौथ्या प्रश्नात शाबूत होता.

म्हणून मुलांना ही सवय लावा: नकाशा नसलेला संच वरून खाली सोडवायचा नाही. आधी सगळे प्रश्न वाचायचे आणि ज्यांत एखाद्या नदीचं, शहराचं किंवा डोंगराचं नाव आलंय त्यांच्याखाली रेघ मारायची. अक्षराला नावाशी जोडणारा एक जरी प्रश्न निघाला, तरी ते अक्षर सापडलं. मात्र एक सावधगिरी आहे. जोडणारा प्रश्न 'उगम पावणारी' म्हणतो की 'वाहणारी', ते नीट पाहा. 'ब पठारावरून वाहणारी गोदावरी' असं असतं तर 'ब' दख्खनचं पठार धरावं की त्यातलं तेलंगणचं, हे ठरलं नसतं, कारण मोठी नदी दोन-तीन पठारांवरून जाते. उगम मात्र एकाच जागी असतो. धागा उगमाचा असेल तर तो भरवशाचा.

पठाराबद्दल एक गोष्ट कोकणातल्या मुलांसाठी. त्यांच्या डोळ्यांपुढे पठार म्हटलं की गावामागचा सडा येतो: जांभ्याचा, सपाट, पावसाळ्यात हिरवा आणि एरवी करपलेला. कल्पना म्हणून हे चांगलं आहे, सडा खरोखरच लहानसं पठार आहे. पण त्यावरून ती मुलं 'दख्खनच्या पठाराचा खडक कोणता' याला 'जांभा' लिहितात, उत्तर बेसाल्ट असताना. दुसरी गफलत उताराची. आपल्या बाजूने पाहिलं तर सह्याद्रीचा कडा थेट कोकणात उतरतो, म्हणून पठाराचा उतार पश्चिमेकडे आहे असं मुलांना वाटतं. कडा पश्चिमेला आहे, पण पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणूनच गोदावरी आणि कृष्णा बंगालच्या उपसागराकडे जातात. महाबळेश्वराहून सावित्रीही निघते आणि कृष्णाही. सावित्री कड्यावरून उतरून बाणकोटच्या खाडीत येते. कृष्णा पठाराच्या उताराने जाते आणि समुद्र गाठायला तिला १,४०० किलोमीटर लागतात. नकाशा नसताना 'नदी कुठल्या बाजूला वाहत असेल' हे ताडायला ही जोडी लक्षात असली की पुरे, आणि ती पुढे ब्राझीललाही कामी येते.

पावसाच्या गटाचा तुमचा तिसरा प्रश्न मात्र मी सोडून देईन. तो सोपा दिसतो आणि म्हणूनच फसवतो. सर्वाधिक पाऊस ईशान्य भारतात मेघालयाकडे आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत सह्याद्रीवर पडतो, हे नकाशाशिवाय खात्रीने सांगता येतं. पण प्रश्न 'कुठे' असा नाही, 'कोणत्या गटात' असा आहे, आणि गट नकाशा काढणाऱ्याने पाडलेले असतात. एकाच्या सूचीत शेवटचा गट '२०० सेंमीपेक्षा जास्त' असतो. दुसऱ्याच्या सूचीत '२०० ते ३००', '३०० ते ४००' आणि '४०० पेक्षा जास्त' असे तीन गट असतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पाऊस तोच, पण पहिल्या नकाशात रत्नागिरी शेवटच्या गटात येते आणि दुसऱ्यात येईलच असं नाही. शिवाय एक नकाशा सेंटिमीटरमध्ये असतो, दुसरा मिलीमीटरमध्ये. २०० सेंमी म्हणजे २,००० मिमी, हे घाईत विसरलं की उत्तर दहापट चुकतं.

छटांचीही गत तीच. 'गडद छटेचा प्रदेश कोणता' याचं उत्तर त्या छटेबाहेर कुठेच नसतं. नकाशा समोर असूनही रंगीत नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढली तर दोन शेजारच्या छटा एकच दिसतात. याचं जवळचं उदाहरण महाबळेश्वर आणि वाई. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, पर्जन्यछायेतल्या वाईला हजाराच्याही आत. दोघांत सरळ रेषेत अंतर पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे पानभर भारताच्या नकाशावर दोन मिलीमीटरही नाही. चांगल्या छपाईतसुद्धा हा फरक दोन पट्ट्यांच्या सीमेवर हरवतो. तेव्हा गट किंवा छटा विचारणारा प्रश्न नकाशाशिवाय आला तर 'नकाशा व सूची नसल्याने उत्तर देता येत नाही' असं लिहायला मुलांना शिकवा. ते पळ काढणं नाही. ज्याला सूचीचं महत्त्व कळलंय तोच असं लिहितो. तुम्हाला तो प्रश्न वाचवायचाच असेल तर 'भारतातील सर्वाधिक पावसाचे दोन प्रदेश सांगा' असा बदला.

ब्राझीलचा संच यापेक्षा सुखाचा आहे. त्यातले प्रश्न दिशा आणि जागा शब्दांत सांगतात, अक्षरं वापरत नाहीत. असे प्रश्न नकाशाशिवाय सुटतात. पण पाठ केलेलं नाव लिहून मोकळं होण्यापेक्षा मुलांना रिकाम्या चौकोनात स्वतः नकाशा उभा करू द्या. अर्धा तास लागतो आणि पट्टी, पेन्सिल, चौकटींची वही एवढंच लागतं.

ब्राझील साधारण ५° उत्तर ते ३४° दक्षिण अक्षांश आणि ३५° ते ७४° पश्चिम रेखांश यांच्यामध्ये आहे. दोन्हीकडे ३९ अंश. म्हणजे अंशांत मोजला तर देश जवळजवळ चौरस. (भारताचंही तसंच, दोन्हीकडे साधारण २९ अंश. मुलांना हे फार आवडतं.) वहीत १० सेंटिमीटरचा चौरस काढा आणि एक सेंटिमीटर म्हणजे ४ अंश धरा. वरची कड ६° उत्तर, खालची ३४° दक्षिण, डावी ७४° पश्चिम, उजवी ३४° पश्चिम. आता वरून दीड सेंटिमीटरवर आडवी रेघ मारली की ते विषुववृत्त, आणि वरून साधारण ७.४ सेंटिमीटरवर मकरवृत्त.

पुढे चार-पाच ठिपके. प्रत्येकासाठी डाव्या कडेपासूनचं आणि वरच्या कडेपासूनचं अंतर काढायचं. पश्चिम रेखांश ७४ मधून वजा करून ४ ने भागा, ते डावीकडून अंतर. दक्षिण अक्षांशात ६ मिळवून ४ ने भागा, ते वरून अंतर. अ‍ॅमेझॉनचं मुख साधारण ५०° पश्चिमेला, विषुववृत्तालगत आहे: डावीकडून ६ सेंटिमीटर, वरून दीड. ठिपका रेघेवरच पडला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांच्या पेन्सिलीखालून निघालं. मनौस शहर ३° दक्षिण, ६०° पश्चिम: डावीकडून साडेतीन, वरून सव्वादोन. मनौसकडून मुखाकडे रेघ ओढली की अ‍ॅमेझॉन पूर्वेकडे वाहते हे दिसतं.

आता पहिला प्रश्न. साओ फ्रान्सिस्को ब्राझील उच्चभूमीवर, २०° दक्षिण आणि साडेसेहेचाळीस अंश पश्चिम यांच्या आसपास उगम पावते: डावीकडून ६.९, वरून ६.५. तिचं वळण ९° दक्षिणेच्या किंचित वर, साधारण ३९° ते ४०° पश्चिमेला आहे: डावीकडून ८.६, वरून ३.७. मुख साडेदहा अंश दक्षिण, साडेछत्तीस अंश पश्चिम: डावीकडून ९.४, वरून ४.१. तीन ठिपके जोडले की रेघ आधी वर चढते, मग उजवीकडे वळून जराशी खाली उतरते. 'आधी उत्तरेकडे, मग पूर्वेकडे' हे वाक्य डोळ्यांपुढे उभं राहतं, शिवाय शेवटचा भाग खरं तर आग्नेयेकडे झुकलेला आहे हेही कळतं.

ही नदी निघते त्याच अक्षांशावर, थोडं पश्चिमेला, ५१° पश्चिमेजवळ दोन नद्यांच्या संगमातून पॅराना सुरू होते आणि ती मात्र नैर्ऋत्येकडे, खाली जाते. एकाच उच्चभूमीवरून एक उत्तरेला, एक दक्षिणेला. कृष्णा-सावित्रीची जोडी ज्याने समजून घेतलीय त्याला जलविभाजकाची व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही.

या आराखड्यात मुलं एक चूक हमखास करतात. भारताचे रेखांश पूर्वेचे, ते उजवीकडे वाढत जातात. ब्राझीलचे पश्चिमेचे, ते उजवीकडे कमी होत जातात. सवयीने मूल डाव्या कडेला ३४ लिहितं आणि सगळा देश आरशात पाहिल्यासारखा उलटतो. ओळखायचं कसं? अ‍ॅमेझॉनचं मुख कागदाच्या डाव्या अर्ध्यात पडलं आणि साओ फ्रान्सिस्को डावीकडे वळू लागली, तर आराखडा उलटा झालाय. ब्राझीलचा समुद्र पूर्वेला आहे, तेव्हा मुखं उजवीकडेच पडली पाहिजेत. दुसरी चूक अंतराची. या चौरसावर पट्टीने लांबी मोजू नका. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, ३०° अक्षांशावर तो सुमारे ९६ वर येतो. आराखडा दिशा आणि शेजार सांगतो. किलोमीटर विचारणारा प्रश्न आला तर तो सोडलेला बरा.

तिसऱ्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. 'कुठल्या दिशेला' याचं उत्तर ईशान्य, म्हणजे साओ फ्रान्सिस्कोच्या वळणाच्या आसपासचा, चौरसाच्या उजव्या-वरच्या बाजूचा भाग. 'का' याच्यासाठी अजस्र कडा हवा: किनाऱ्याच्या बाजूने, उच्चभूमीच्या पूर्व कडेने एक जाड रेघ काढा. समुद्रावरून येणारे आग्नेय व्यापारी वारे कागदाच्या उजव्या-खालच्या कोपऱ्याकडून बाणाने दाखवा. बाण कड्याला अडतो, किनाऱ्यावर पाऊस देतो, आणि कड्यापलीकडे उत्तरेला पर्जन्यछाया पडते. पाठ्यपुस्तक हेच कारण देतं आणि उत्तरात तेच अपेक्षित असतं. इथे महाबळेश्वर-वाईची तुलना जरूर द्या, पण बाणाची दिशा बदलते हे दाखवून द्या. आपले नैर्ऋत्य मोसमी वारे डावीकडून-खालून येतात, तिकडचे वारे उजवीकडून-खालून. आपली पर्जन्यछाया सह्याद्रीच्या पूर्वेला म्हणून मुलं ब्राझीललाही 'पूर्वेला' लिहून टाकतात.

हवामानाच्या प्रश्नात महिना आला तर आणखी एक काळजी घ्या. 'जानेवारीत तापमान कमी असलेला प्रदेश' असा प्रश्न नकाशाशिवाय आला की भारताच्या सवयीने हिवाळा धरला जातो. ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात आहे आणि तिकडे जानेवारीत उन्हाळा असतो. देश कुठला हे ठरल्याशिवाय महिन्यावरून ऋतू ठरवू नये.

मूळ नकाशा मिळवायचा प्रयत्नही करा, तो बऱ्याचदा सफल होतो. प्रश्नात 'आकृती' क्रमांक दिला असेल तर तो नकाशा पाठ्यपुस्तकातलाच असतो, आणि पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. फक्त आवृत्ती बदलली की क्रमांक सरकतात, म्हणून क्रमांकाबरोबर नकाशाचं शीर्षकही जुळवा. सापडलेला नकाशा मूळचाच आहे का, हे तपासायला त्यावर संचातले सगळे प्रश्न लावून पाहा. तुमच्या संचासाठी 'ब' हे अक्षर माळव्यावर असलेला नकाशाच चालेल. चारपैकी तीन प्रश्न बसले आणि चौथा बसला नाही, तर तो दुसरा नकाशा आहे. तो वापरू नका.

ज्या संचाचा नकाशा मिळालाच नाही, त्याला नकाशावाचनाचा सराव म्हणू नका. तो नदी-पठारांच्या माहितीचा सराव आहे, चांगलाच आहे, पण सूची वाचणं, छटा जुळवणं, अक्षर शोधणं हे त्यात होत नाही. त्यासाठी आठवड्याला एखादा नकाशा शाबूत असलेला संच वेगळा ठेवा. गुणही तसेच द्या. भारताच्या संचातले तीन प्रश्न उरले तर तीनपैकी गुण द्या, गटाच्या प्रश्नाचा गुण कुणाचा कापू नका.

आणि पहिल्या प्रश्नाला, नवं वाक्य लिहायच्या आधीच्या जुन्या कागदावर, ज्याने नर्मदा लिहिलं त्यालाही पूर्ण गुण, तापीवाल्यालाही आणि वाशिष्ठीवाल्यालाही. ज्याने कावेरी लिहिलं त्याचे तेवढे कापा.